वर्गबहुपदीच्या वर्गमूळाचे समाकलन θ मध्ये अडकते तेव्हा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी इंदूरमध्ये माझ्याकडे गणित शिकायला येतात, आणि दर वर्षी परीक्षेच्या सुमारास त्यांच्या वह्यांत एकच अडचण पुन्हा दिसते. √(ax² + bx + c) असलेले समाकलन समोर आले की हात आपोआप पूर्ण वर्ग करतो, मग x + b/2a च्या जागी tanθ, secθ किंवा sinθ ठेवतो, वर्गमूळ नाहीसे होते, आणि काम झाले असे वाटते. पुढच्या ओळीत मात्र छेदात sinθ, cosθ आणि एखादी स्थिर संख्या अशी तिघांची गाठ पडलेली असते आणि ती कोणत्याही ओळखीच्या सूत्राने सुटत नाही. मागच्या सत्रातल्या एका मुलीने नेमके हेच विचारले होते, "सर, वर्गमूळ तर गेलं, पण आता θ जात नाही, त्याचं काय करू?"

खाली या अडचणीचे मूळ, त्यावरचा उपाय आणि उपाय करतानाच्या नेहमीच्या चुका ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. उपाय नवा नाही. लिओनार्ड ऑयलर यांनी १७६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाकलनावरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात अशी वर्गमुळे परिमेय करण्याच्या रीती मांडल्या आहेत, आणि म्हणूनच त्यांना ऑयलरची प्रतिस्थापने म्हणतात. आपल्याकडे बहुतेक जण ती सूत्रे म्हणून पाठ करतात आणि कोणते कुठे लावायचे ते विसरतात.

अडचण नेमकी कुठे येते

हे उदाहरण घ्या.

∫ dx / (x + √(x² + 2x + 2))

वर्गमुळाखाली (x + 1)² + 1 आहे, म्हणून x + 1 = tanθ घेणे अगदी स्वाभाविक आहे. त्याने वर्गमूळ secθ होते, dx चे sec²θ dθ होते, आणि छेदात tanθ − 1 + secθ येते. वर-खाली cosθ ने गुणल्यावर हाती उरते ते असे:

∫ dθ / (cosθ (1 + sinθ − cosθ))

इथे बहुतेक वह्या थांबतात. ज्यांना u = tan(θ/2) आठवते ते पुढे जातात आणि त्यांना ∫ (1 + u²) / (u(1 − u)(1 + u)²) du हे परिमेय समाकलन मिळते. ते आंशिक अपूर्णांकांनी सुटते, पण त्यानंतर u वरून θ कडे आणि θ वरून x कडे परतायचे असते. त्या परतीच्या वाटेत tan(θ/2) = (secθ − 1)/tanθ हे आठवावे लागते, लॉगच्या आत वर्गमुळांचे अपूर्णांक साचतात, आणि शेवटी आलेले उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळते की नाही हेच कळेनासे होते.

आता मूळ कारण पाहू. त्रिकोणमितीय प्रतिस्थापनाने वर्गमूळ जाते, पण समाकल्य परिमेय होत नाही. ते sinθ आणि cosθ यांचे परिमेय फलन होते, आणि त्याला परिमेय करायला दुसरे प्रतिस्थापन लागते. म्हणजे x पासून θ, θ पासून u, अशा दोन उड्या घेऊन आपण जिथे पोहोचतो तिथे एकाच उडीत पोहोचता येते. पलासियाहून राजवाड्याला जाताना आधी भंवरकुआँ गाठण्यासारखा हा प्रकार आहे. उत्तर चुकत नाही, फक्त वाट लांबते, आणि लांबलेल्या वाटेत चिन्हे हरवतात.

यावरून निदानाची एक सोपी खूण मिळते. त्रिकोणमितीय प्रतिस्थापनानंतर जर नुसती sin किंवा cos ची घाते उरली, किंवा नुसता secθ उरला, तर त्याच वाटेने पुढे जावे, कारण तिथे दुसऱ्या उडीची गरज नाही. छेदात sinθ किंवा cosθ यांच्या जोडीला स्थिर संख्या बेरजेने किंवा वजाबाकीने आली, की अर्धकोन लागणारच आहे. तिथे पान उलटून परत मूळ समाकलनाकडे यावे आणि θ ला हात न लावता पुढील रीतीने जावे.

रेषेचा चढ हाच नवा चल

ऑयलरच्या तीन प्रतिस्थापनांमागे एकच कल्पना आहे, आणि ती कळली की पाठांतराची गरज उरत नाही. y = √(ax² + bx + c) लिहिले की y² = ax² + bx + c हे शांकवाचे समीकरण होते; a धन असेल तर अपास्त, ऋण असेल तर विवृत्त. शांकवाला एखादी रेषा जास्तीत जास्त दोन बिंदूंत छेदते. त्यांपैकी एक बिंदू (p, q) आपल्याला आधीच ठाऊक असेल, तर त्या बिंदूतून जाणारी t चढाची रेषा y = q + t(x − p) शांकवाला आणखी एकाच बिंदूत भेटते. समीकरणात ही किंमत घातली की दोन्ही बाजूंना (x − p) हा अवयव निघून जातो, x साठी एकघाती समीकरण उरते, आणि म्हणून x, y आणि dx हे तिन्ही t चे परिमेय फलन होतात. वर्गमूळ जाते ते याच कारणाने.

तीन प्रतिस्थापने म्हणजे या ठाऊक बिंदूच्या तीन निवडी आहेत. वर्गबहुपदीची मुळे α आणि β वास्तव असतील तर (α, 0) हा बिंदू हाताशी असतो, आणि √(ax² + bx + c) = t(x − α) असे घेतात. c धन असेल तर (0, √c) हा बिंदू मिळतो, आणि √(ax² + bx + c) = xt + √c असे घेतात. a धन असेल तर अपास्ताच्या अनंतस्पर्शिकेला समांतर रेषा घेतात, म्हणजे बिंदू अनंतावर असतो; तेव्हा √(ax² + bx + c) = t − √a·x असे लिहितात, आणि इथे t चढ नसून रेषेचा y-अक्षावरील छेद असतो. क्रम कोणताही लावला तरी चालतो. पुस्तकांत या शेवटच्या प्रकाराला सहसा पहिले प्रतिस्थापन म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो.

वर्गमूळ वास्तव राहायचे असेल तर a धन हवा, नाही तर a ऋण असताना दोन वेगळी वास्तव मुळे हवीत. अन्यथा वर्गबहुपदी कुठेच धन होत नाही. त्यामुळे पहिले आणि मुळांचे प्रतिस्थापन मिळून सगळी प्रकरणे निकालात निघतात. c चे प्रतिस्थापन सोयीसाठी आहे, अनिवार्य नाही. अमुक प्रश्नाला तीनपैकी एकही लागू होत नाही असे कोणी म्हणाले, तर आधी त्याने लिहिलेल्या वर्गबहुपदीची चिन्हे तपासावीत.

तेच उदाहरण, एका उडीत

छेदात x + √(x² + 2x + 2) हे आधीच तयार बसलेले आहे आणि a = 1 आहे, तेव्हा पहिले प्रतिस्थापन घेऊन √(x² + 2x + 2) = t − x मांडू. म्हणजे छेद नुसता t झाला. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² कटतो:

2x + 2 = t² − 2tx, म्हणून x = (t² − 2) / (2(t + 1))

याचे अवकलन केले की

dx = (t² + 2t + 2) / (2(t + 1)²) dt

आणि समाकलन होते ∫ (t² + 2t + 2) / (2t(t + 1)²) dt. आंशिक अपूर्णांक काढले तर

1/t − 1/(2(t + 1)) − 1/(2(t + 1)²)

असे तीन तुकडे मिळतात, आणि उत्तर

ln|t| − ½ ln(t + 1) + 1/(2(t + 1)) + C, जिथे t = x + √(x² + 2x + 2).

दुसऱ्या लॉगला निरपेक्ष चिन्ह दिलेले नाही, कारण t + 1 = (x + 1) + √((x + 1)² + 1) ही राशी नेहमीच धन असते. पहिल्या लॉगला मात्र ते हवे, कारण t शून्यातून जातो. x = −1 घातल्यावर वर्गमूळ 1 येते आणि t = 0 होतो; तिथे मूळ समाकल्याचाच छेद शून्य आहे, म्हणून −1 ला ओलांडणारा अंतराल या समाकलनाला चालत नाही. हे θ च्या वाटेने गेल्यास लक्षात येणे अवघड असते.

आता त्या लांबच्या वाटेशी याचे नाते काय, तेही पाहण्यासारखे आहे. तिथे tanθ + secθ = (1 + u)/(1 − u) होते, आणि हीच राशी t + 1 आहे, म्हणून t = 2u/(1 − u). म्हणजे दोन उड्यांनी मिळालेला u आणि एका उडीत मिळालेला t यांच्यात एका साध्या अपूर्णांकाचाच फरक आहे. इतकेच नव्हे, u = (√(x² + 2x + 2) − 1)/(x + 1) हे नीट पाहिले तर तो (−1, 1) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचा चढ आहे, आणि (−1, 1) हा त्या अपास्ताच्या वरच्या शाखेचा शिरोबिंदू आहे. अर्धकोनाची युक्ती हीदेखील रेषेचीच रीत आहे; पूर्ण वर्ग आणि θ यांच्या पडद्याआड ती दिसत नाही एवढेच.

c चे प्रतिस्थापन इथे चालले असते का? c = 2 धन आहे, तेव्हा नियमाने हो. पण मग x = (2√2·t − 2)/(1 − t²) येतो आणि √2 पुढच्या प्रत्येक ओळीत सोबत चालतो. परीक्षेत अर्धा तास जातो तो अशा निवडींमुळे. बिंदूचे निर्देशक परिमेय असतील तर t मधली बीजगणिते स्वच्छ राहतात, म्हणून (0, √2) पेक्षा अनंतावरचा बिंदू किंवा (−1, 1) कधीही बरा.

बीजगणित बरोबर आहे का, हे मधेच तपासणे

ही रीत वापरताना सर्वांत जास्त चुका dx काढताना होतात, आणि शेवटी उत्तर न जुळल्यावर त्या शोधणे कंटाळवाणे असते. त्याऐवजी एक तपासणी मधेच करावी. dx आणि वर्गमूळ वेगवेगळे तपासू नयेत, त्यांचा भागाकार तपासावा, कारण त्या भागाकाराचे रूप आधीच ठरलेले असते. शांकवावरच्या कोणत्याही सांत बिंदूतून रेषा घेतली, म्हणजे मुळांचे किंवा c चे प्रतिस्थापन केले, तर

dx / √(ax² + bx + c) = 2 dt / (a − t²)

हेच यायला हवे. त्यात α, β, b, c यांपैकी काहीही उरत नाही. पहिल्या प्रतिस्थापनात हाच भागाकार 2 dt / (2√a·t + b) होतो. वरच्या उदाहरणात वर्गमूळ t − x = (t² + 2t + 2)/(2(t + 1)) आहे; dx ला त्याने भागले की dt/(t + 1) उरते, आणि a = 1, b = 2 घातल्यावर सूत्रही तेच देते. तुमच्या वहीत भागाकारानंतर अंशात t² शिल्लक राहिला असेल, तर पुढे आंशिक अपूर्णांक काढण्यात अर्थ नाही. चूक वरच्या दोन ओळींतच आहे.

आणखी एक चूक याच पायरीवर होते. √… = t − x असे लिहिल्यावर विद्यार्थी वर्गमुळाच्या जागी t − x ठेवतात आणि तो x तसाच सोडतात. समाकलनात x आणि t दोन्ही दिसत असतील तर ते अजून सोडवायला तयार नाही.

उत्तर आल्यावरची तपासणी मी संख्येने करायला सांगतो, कारण लॉगची उत्तरे वेगवेगळ्या रूपांत सारखीच असू शकतात आणि रूप जुळवत बसण्यात वेळ जातो. 0 ते 1 या सीमांसाठी t हा √2 पासून 1 + √5 पर्यंत जातो, आणि वरच्या सूत्राने उत्तर सुमारे ०.४५७६ येते. मूळ समाकल्याच्या किमती 0, ½ आणि 1 या ठिकाणी अनुक्रमे ०.७०७१, ०.४३४३ आणि ०.३०९० आहेत, सिम्पसनच्या नियमाने मधल्या किमतीची चौपट घेऊन बेरजेला सहाने भागले की ०.४५८९ मिळते. तीनच बिंदूंवरचा अंदाज एवढा जवळ आला तर सूत्रात चूक नाही असे धरायला हरकत नाही.

उत्तर ऋण आले, पण समाकल्य तर धन आहे

ही तक्रार मुळांच्या प्रतिस्थापनात हमखास येते. ∫ dx/√(x² − 3x + 2) हे −1 ते 0 या सीमांत घ्या. (हे समाकलन पूर्ण वर्ग करूनही सुटते, इथे ते फक्त चिन्हाचा घोटाळा दाखवण्यासाठी घेतले आहे.) मुळे 1 आणि 2 आहेत, म्हणून √((x − 1)(x − 2)) = t(x − 1) घेतले. वर दिलेल्या भागाकाराच्या नियमाने समाकलन ∫ 2 dt/(1 − t²) होते आणि त्याचे उत्तर ln|(1 + t)/(1 − t)|.

आता सीमा. बहुतेक वह्यांत t = √((x − 2)/(x − 1)) असे लिहिलेले असते, आणि त्याने x = 0 ला t = √2, x = −1 ला t = √(3/2) येतो. या किमती घातल्या तर उत्तर −०.५२९७ येते. सबंध अंतरालात समाकल्य धन असताना असे होऊच शकत नाही. दोष असा की t ची व्याख्या वर्गमूळ भागिले (x − 1) अशी आहे, आणि x हा 1 च्या डावीकडे असताना (x − 1) ऋण असतो, म्हणून t सुद्धा ऋण असायला हवा. वर्गमूळ आणि छेद एकाच मोठ्या वर्गमुळाखाली ढकलले की हे ऋण चिन्ह गळून पडते. योग्य सीमा −√(3/2) आणि −√2 आहेत आणि त्यांनी +०.५२९७ मिळते. t च्या सीमा नेहमी मूळ व्याख्येतूनच काढाव्यात, सोप्या केलेल्या रूपातून काढू नयेत.

त्रिकोणमितीय वाटेवर हाच दोष √(tan²θ) = |tanθ| या रूपाने येतो, आणि तिथे तो जास्त लपून राहतो, कारण secθ साठी θ कोणत्या चरणात घेतला हे कोणी लिहीत नाही.

a ऋण असताना: सीमा उलट्या का होतात

∫ dx / (x√(−x² + 3x − 2)) हे 1 ते 2 या सीमांत पाहू. इथे a आणि c दोन्ही ऋण आहेत, तेव्हा फक्त मुळांचे प्रतिस्थापन शिल्लक राहते. √((x − 1)(2 − x)) = t(x − 1) घेतले की 2 − x = t²(x − 1), आणि

x = (t² + 2) / (t² + 1)

भागाकाराचा नियम dx/√… = −2 dt/(1 + t²) देतो, x ने भागले की (1 + t²) कटतो, आणि उरते ते फक्त ∫ −2 dt/(t² + 2), म्हणजे −√2 · arctan(t/√2).

सीमांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. x उजवीकडून 1 कडे जातो तेव्हा (x − 1) शून्याकडे जातो आणि t अनंताकडे जातो; x = 2 ला t = 0. म्हणजे खालची सीमा अनंत आणि वरची शून्य आहे. पुष्कळ जणांना हे दृश्य खटकते आणि ते सवयीने सीमा अदलाबदल करून लिहितात, चिन्ह मात्र बदलत नाहीत. सीमा आहेत तशाच ठेवल्या तर उणे चिन्ह आपोआप जुळते आणि उत्तर √2 · π/2 म्हणजे π/√2, सुमारे २.२२१ येते. दोन्ही टोकांना समाकल्य अनंत होत असले तरी समाकलन सांत आहे, आणि t मध्ये ते ढळढळीत दिसते, कारण t चे समाकल्य कुठेही अनंत होत नाही.

याच प्रश्नात x = 3/2 + ½ sinθ घेतले असते तर ∫ 2 dθ/(3 + sinθ) आले असते, म्हणजे पुन्हा स्थिर संख्या अधिक sinθ, आणि पुन्हा अर्धकोन. उत्तर अर्थातच तेच येते, पण arctan √2 आणि arctan(1/√2) यांची बेरीज π/2 होते हे शेवटी ओळखावे लागते.

c च्या प्रतिस्थापनात सीमांची वेगळी अडचण असते. तिथे t = (√(ax² + bx + c) − √c)/x आहे, आणि x = 0 ही सीमा असेल तर शून्य भागिले शून्य येते. कारण सरळ आहे: ठाऊक बिंदूच दुसरा छेदनबिंदू झाला की रेषा स्पर्शिका होते. मग t ची किंमत त्या बिंदूतल्या स्पर्शिकेच्या चढाएवढी, म्हणजे b/(2√c) घ्यावी. x² + 2x + 2 साठी ती 1/√2 येते. कॅल्क्युलेटरवर त्या जागी दोष दिसला म्हणून प्रतिस्थापन चुकीचे ठरवू नये.

ही रीत कुठे वापरू नये

समाकल्य नुसते 1/√(ax² + bx + c), किंवा अंशात एकघाती पद, किंवा नुसते वर्गमूळच असेल, तर पूर्ण वर्ग करून प्रमाणित सूत्र लावणे कितीतरी लवकर होते. छेदात (x − p) हा एकच अवयव आणि वर्गमूळ असेल, तर x − p = 1/v घेतल्यानेही काम होते; वरचाच प्रश्न x = 1/v घेऊन ∫ −dv/√(−2v² + 3v − 1) होतो आणि −(1/√2)·arcsin(4v − 3) देऊन π/√2 वरच थांबतो. मला स्वतःला अशा प्रश्नात हीच वाट जास्त आवडते. छेदात वर्गमूळ दुसऱ्या पदाशी बेरजेने किंवा वजाबाकीने जोडलेले असते, किंवा x च्या घातांशी गुंतलेले असते, तिथे ऑयलरच्या रीतीला तोड नाही. फक्त घाते मोठी असतील तर आंशिक अपूर्णांकांचा पसाराही मोठा होतो. (t + 1) चा पाचवा-सहावा घात छेदात दिसू लागला की हाताने करण्यापेक्षा संगणकावरच्या समाकलनाने उत्तर काढावे आणि वरची सीमांची तपासणी तेवढी स्वतः करावी.

वर्गमुळाखाली तिसऱ्या किंवा चौथ्या घाताची बहुपदी असेल आणि तिची मुळे वेगवेगळी असतील, तर मात्र रेषेची रीत लागू पडत नाही. तसल्या वक्राच्या निर्देशकांना एका चलाची परिमेय फलने म्हणून मांडताच येत नाही, आणि तिथून विवृत्तीय समाकलनांचे वेगळे प्रकरण सुरू होते. एखादे मूळ दोनदा येत असेल तर तो अवयव वर्गमुळाबाहेर काढावा. आत पुन्हा वर्गबहुपदी किंवा त्याहून सोपे काही उरते, आणि बाहेर आलेल्या अवयवाला निरपेक्ष चिन्ह लावून पुढचे काम वरच्याच क्रमाने करता येते.